साठ टक्के सूट आणि दाजींचे जुने बिल

दिवाळीपूर्वी नांदेडच्या वजिराबादमधील एका दुकानात मी अण्णांसाठी बूट पाहत होतो. खोक्यावर 3,999 रुपये ही किंमत छापलेली होती आणि साठ टक्के सूट वजा जाता बूट सोळाशेला मिळणार होते. किमतीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली तर नाही ना, हे मी आधी नखाने चाचपून पाहिले. किंमत कमी केल्याची चिठ्ठी लावायला हरकत नसते, मात्र तिने मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. येथे छपाई मूळचीच होती, त्यामुळे माझे जवळपास समाधान झाले होते.

परंतु छापील किंमत ही विक्रीची केवळ कमाल मर्यादा असते. ती उत्पादकच ठरवतो आणि त्या किमतीला तो माल कधी विकला गेला होता, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून मी खोक्यावरील आर्टिकल नंबरचा फोटो लातूरला दाजींना पाठवला, कारण लग्नसराईत त्यांनी तसेच बूट घेतल्याचे मला आठवत होते. त्यांनी बिल शोधून पाठवले. नंबर तोच होता आणि किंमत होती 1,750 रुपये, तीही कोणताही सेल नसताना. म्हणजे खरी सूट दीडशे रुपयांची, साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती. नुसत्या दिसण्यावरून तुलना केली असती तर ती फसवी ठरली असती, कारण एकाच कंपनीचे सारखे दिसणारे दोन बूट वेगळ्या तळाचे असू शकतात.

एवढी सूटही मला चालली असती, पण खोक्यावरचा उत्पादनाचा महिना सव्वादोन वर्षांपूर्वीचा निघाला. तळ पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा होता. हा पदार्थ हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, त्यामुळे न वापरता खोक्यात पडून राहिलेल्या बुटाचा तळही पुढे चालताना भुगा होऊन सुटू शकतो. मी बूट चवड्याजवळ वाकवून उजेडात धरला, तेव्हा वळणावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या आणि अंगठ्याने दाबल्यावर तळ किंचित चिकट लागला. जिभेच्या कापलेल्या कडेला चामड्याचे तंतू नव्हते, तर कापडावर चढवलेला पातळ थर होता. दुकानदार मात्र ते चामडे असल्याचे सांगत होते.

भेगा दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही आणि आतून दुसरा जोड काढून दिला. त्याची छापील किंमत 2,499 रुपये होती आणि सूट वीसच टक्के, म्हणजे तो दोन हजारांना पडत होता. तळ रबराचा व कडेने शिवलेला, माल चार महिन्यांपूर्वीचा आणि कापलेल्या कडेला तंतू स्पष्ट दिसत होते. त्याची मागची किंमत मात्र मला कोठेच तपासता आली नाही, म्हणून ती वीस टक्के सूट मी हिशेबात धरलीच नाही आणि दोन हजारांना हा बूट परवडतो का, एवढेच पाहून तो अण्णांसाठी घेतला.