मधला rem कशासाठी?

“हेडिंगला clamp लावताच ना, मग मध्ये नुसतं 2.4vw लिहून मोकळे का होत नाही? त्या rem ची बेरीज कशाला?”

कारण ती बेरीज नसेल, तर वाचकाने पान कितीही मोठे केले तरी बऱ्याच टप्प्यापर्यंत शीर्षक जागचे हलत नाही. clamp मध्ये किमान, मधले आणि कमाल अशी तीन मापे असतात; vw पडद्याच्या रुंदीवरून ठरते, तर rem पानाच्या मूळ अक्षर-आकारावरून, जो सहसा 16 पिक्सेल असतो. मीही एके काळी नुसते vw लिहीत होतो. एका वाचनालयाच्या संकेतस्थळावरील सूचनांच्या शीर्षकांसाठी मी पुढील ओळ लिहिली होती, आणि ती मला निर्दोष वाटत होती.

```css
h2 { font-size: clamp(1.25rem, 2.4vw, 2.5rem); }
```

लहान फोनवर 20 पिक्सेलच्या खाली जायचे नाही आणि रुंद मॉनिटरवर 40 च्या वर जायचे नाही, एवढीच माझी अपेक्षा होती. खिडकी ओढून लहान-मोठी करून मी ती तपासली, आणि शीर्षक सुरेख आक्रसत व फुलत होते.

पुढे त्याच वाचनालयात एक निवृत्त शिक्षिका सुट्ट्यांची सूचना शोधत बसल्या होत्या. त्यांची दृष्टी अधू होती. लॅपटॉपचा पडदा 1366 पिक्सेल रुंद होता. त्यांनी Ctrl आणि + दाबत पान 150 टक्क्यांवर नेले. खालचा मजकूर 18 वरून 27 पिक्सेलइतका झाला. शीर्षक मात्र आधीही 33 च्या आसपास होते आणि नंतरही तेवढेच राहिले. “मजकूर वाढतोय, वरचं नाव का वाढत नाही?” असे त्यांनी मला विचारले. त्यांनी 200 टक्के केले, तेव्हा मजकूर 36 आणि शीर्षक 40 झाले. आता एक सूचना कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे त्यांना नजरेने टिपता येईना. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्या खाली सरकत होत्या. मी शेजारी उभा होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

कारण साधे आहे. झूम केल्यावर ब्राउझरच्या हिशेबात पडद्याची रुंदी घटते: 150 टक्क्यांवर 1366 चे सुमारे 911 होतात. vw हा रुंदीचा शंभरावा भाग असल्यामुळे तोही त्याच प्रमाणात घटतो, आणि झूमने दिलेली वाढ तिथल्या तिथे कापली जाते. किमान मर्यादा लागू झाली की मगच शीर्षक वाढू लागते. rem मात्र रुंदीकडे पाहत नाही. म्हणून वाचकाची वाढ त्याच्या वाटेने आत येते.

त्यानंतर मी दोन टोके ठरवून त्यांवरून आकडे काढू लागलो. 320 रुंदीला 22 पिक्सेल आणि 1280 ला 34 हवे असतील, तर 960 रुंदीत 12 पिक्सेलची वाढ, म्हणजे 1.25vw. 320 रुंदीवर त्यातून 4 पिक्सेल मिळतात. उरलेले 18 म्हणजे 1.125rem.

```css
h2 { font-size: clamp(1.375rem, 1.125rem + 1.25vw, 2.125rem); }
```

अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावीच लागते. ती नसेल तर ब्राउझर संपूर्ण ओळ टाकून देतो. त्याच लॅपटॉपवर हे शीर्षक मूळ 34 चे असते, 150 टक्क्यांवर 44 आणि 200 टक्क्यांवर 53 होते. मजकूर 36 असताना शीर्षक 53 असणे, हे मला त्या दिवशी हवे होते.

तरीही 53 म्हणजे 34 ची दुप्पट नव्हे. दुप्पट होण्यासाठी झूम 300 टक्क्यांच्या जवळ न्यावा लागतो. शीर्षक पूर्ण वेगाने वाढले तर “विद्यार्थ्यांसाठीच्या” यासारखा लांब शब्द कडेच्या बाहेर जाईल, असे मी स्वतःला सांगतो. परंतु हे वाचकाच्या हिताचे कारण आहे की माझ्या सोयीचे, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

मोकळ्या जागेच्या बाबतीत मात्र मी उलट वागतो, आणि यावरूनही मला विचारले जाते. डाव्या-उजव्या कडांना मी आजही नुसते vw देतो.

```css
main { padding-inline: clamp(1rem, 4vw, 4rem); }
```

पान मोठे करणाऱ्याला अक्षरे मोठी हवी असतात, कडा नव्हेत. 1366 च्या पडद्यावर कड सुमारे 55 पिक्सेलची असते आणि 200 टक्क्यांवरही तेवढीच दिसते, त्यामुळे वाढलेल्या अक्षरांना जागा उरते. जो दोष शीर्षकात त्या बाईंच्या वाटेत आला, तोच येथे त्यांच्या उपयोगी पडतो.