आधी पोटोबा, मग विठोबा

दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी वर्गशिक्षिकेने मुलांना जो निरोप पाठवायचा असतो, त्यातून काही शिकवता येत नाही, हे एकदा मनाशी नक्की केले की तो लिहिणे पुष्कळ सोपे होते. वर्षभरात समासांचे जे प्रकार गळी उतरले नाहीत, ते मोबाईलवरच्या चार ओळींनी उतरणार नाहीत. त्या रात्री मुलांच्या डोक्यात अभ्यासाहून अधिक गर्दी असते ती बारीकसारीक शंकांची: किती वाजता निघायचे, प्रवेशपत्र हरवले तर काय, काळे पेन चालेल का, वेळ पुरेल का. यांपैकी जितक्या गोष्टींचा निर्णय आपण आधीच घेऊन टाकू, तितक्या शंका घेऊन मूल जागत पडत नाही. माझ्या लेखी त्या निरोपाचे काम एवढेच आहे.

तो निरोप कोणाच्या हातात पडतो, हेही पाहावे लागते. आमच्या शाळेत सोलापूरच्या पूर्व भागातली मुले पुष्कळ आहेत. वर्गाच्या गटावर असलेले क्रमांक बहुतेक आईवडिलांचे. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला गेले की फोनही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून निरोप सातच्या आत गेला पाहिजे; नऊ वाजता पाठवलेला सुंदर निरोप मुलापर्यंत दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर पोहोचतो. कित्येक घरांत आई तेलुगू बोलते, मराठी समजते पण सावकाश वाचते, आणि निरोप मोठ्याने वाचून दाखवणारी तीच असते. तेव्हा वाक्ये अशी हवीत की वाचताना ती अडखळणार नाही. फुलांची चित्रे, उगवता सूर्य आणि यशाच्या शिखरांविषयीची सुभाषिते मी कधीच घालत नाही. ती इतर चार गटांवरून त्यांना मिळतातच.

यंदाचा निरोप असा होता:

“बाळांनो, उद्या मराठीचा पेपर. साडेदहाला केंद्रावर पोहोचायचे, म्हणून घरातून पावणेदहाला निघा. प्रवेशपत्र, दोन निळी पेने, पट्टी आणि पाण्याची बाटली आत्ताच एका पिशवीत भरा आणि पिशवी दाराशी ठेवा. प्रवेशपत्र सापडले नाही तर घाबरू नका, मला फोन करा. दुसरी प्रत मिळते. आकृत्या पेनानेच काढा. एक वाजला की उपयोजित लेखन सुरू करा. आधी पोटोबा, मग विठोबा. आता जेवा, दहाला झोपा, सकाळी खाऊनच निघा. सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत माझा फोन चालू आहे. तुमच्या बाई.”

प्रवेशपत्राचे वाक्य सर्वांत जास्त कामाचे ठरते. प्रवेशपत्र गहाळ झाले म्हणजे वर्ष गेले, अशी समजूत अजून घराघरांत आहे, आणि ती नेमकी रात्री दहा वाजता दप्तर उलटेपालटे करताना उफाळून येते. वस्तुस्थिती अशी आहे की मंडळाकडून प्रवेशपत्रे शाळेला ऑनलाइन मिळतात, शाळाच ती छापून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी मुलांना देते, आणि एखादे हरवले तर शाळेने पुन्हा छापून त्यावर लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारून द्यावे, अशी मंडळाचीच सूचना असते. म्हणजे उपाय शाळेच्या छपाईयंत्रात आहे. मात्र तो सकाळी आठला सांगितला तर उपयोगाचा आणि पावणेअकराला सांगितला तर धावपळीचा; म्हणूनच पिशवी रात्री भरायची, की जे नाही ते नाही हे रात्रीच कळते. माझ्या फोनची वेळही साडेनऊपर्यंतच सांगते, कारण त्यानंतर मी स्वतः दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाला असते. ‘केव्हाही फोन करा’ असे लिहिणे कानाला गोड लागते, पण अकराला कोणी फोन केला आणि तो बंद लागला तर त्या गोडव्याचा काही उपयोग नसतो.

पावणेदहा ही वेळही हवेतून काढलेली नाही. पेपर अकराला सुरू होतो आणि साडेदहाला दालनात असावे लागते. नीलमनगरकडून येणाऱ्या मुलाला अशोक चौकापर्यंत रिक्षा, तिथून थोडे पायी, असे अर्ध्या तासात जमते. पंधरा मिनिटे रिक्षा न भरण्यासाठी धरलेली. परीक्षेच्या दिवसांत सोलापुरात दहा वाजताच ऊन चढलेले असते आणि धावत आलेले मूल पहिली दहा मिनिटे रुमालाने हात पुसत बसते, कारण घामाने उत्तरपत्रिकेवर डाग पडतील अशी त्याला भीती असते. त्यापेक्षा लवकर येऊन सावलीत उभे राहिलेले बरे.

आता एक वाजताची गोष्ट, कारण याच वाक्यावर सर्वांत जास्त उलट प्रश्न येतात. मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका 80 गुणांची: गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि शेवटचा विभाग उपयोजित लेखनाचा, 24 गुणांचा. मुले पहिल्या विभागापासून ओळीने लिहीत जातात, आणि गद्यात रमतात. धडा ओळखीचा असतो, पेन नवे असते, हात ताजा असतो. चौकटी पट्टीने आखल्या जातात, त्यांना दुहेरी रेघ दिली जाते, दोन गुणांच्या उत्तराला पाऊण पान खर्ची पडते. गद्य संपते तेव्हा सव्वाबारा वाजलेले असतात. याची किंमत शेवटी मोजावी लागते: पत्राचा मायना होतो आणि मजकूर तीन ओळींत आटोपतो, बातमीला मथळा असतो पण बातमी नसते, आणि आठ गुणांचे प्रसंगलेखन किंवा आत्मकथन पुरवणी मागण्यातच राहून जाते. पेपर तपासताना अशी उत्तरपत्रिका लगेच ओळखता येते. पहिल्या पानांवरचे अक्षर मोत्यासारखे आणि शेवटच्या पानांवरचे ओळखू न येणारे, अशी ती असते.

मागे एका मुलीने निरोप वाचून लगेच फोन केला होता. “बाई, एक वाजता मी पद्यातच असले तर काय करू?” मी तिला वही घ्यायला लावली आणि आम्ही फोनवर हिशेब केला. तीन तास, 80 गुण, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटे. त्या मापाने गद्य अकरा चाळीसला संपावे, पद्य सव्वाबाराला, स्थूलवाचन साडेबाराला. भाषाभ्यासात लिहिणे थोडे आणि आठवणे जास्त, त्याला अर्धा तास पुष्कळ झाला. वाजला एक. उपयोजित लेखनाला पंचावन्न मिनिटे दिली तरी दोनला पाच कमी होतात, आणि आता पेपर दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत असतो. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचायला मिळे. 2023 पासून ती पद्धत गेली आणि तीच दहा मिनिटे शेवटी जोडून मिळू लागली. म्हणजे पंधरा मिनिटे हाताशी राहिली. “आणि तरीही एक वाजता पद्यातच असशील, तर जिथे असशील तिथे अर्धे पान कोरे सोड, प्रश्न क्रमांक लिहून ठेव आणि उपयोजित लेखन गाठ. त्या पंधरा मिनिटांत मागे फिर,” असे मी म्हटले. ती थोडी थांबून म्हणाली, “कोरे सोडलेले चालते?” चालते. विभागांचा क्रम बदललेलाही चालतो, फक्त प्रश्न क्रमांक चुकता कामा नये. इतकी साधी परवानगी मुलांना कोणी स्पष्ट शब्दांत दिलेली नसते.

आकृत्या पेनाने काढण्याची सूचना कृतिपत्रिकेवर छापलेलीच असते, तरी दरवर्षी काही मुले रंगीत स्केचपेनांची पाकिटे घेऊन येतात. त्यांच्यासाठी ते एक वाक्य.

राहिली म्हण. निरोपात एकच म्हण असावी आणि ती मुलांना आधीपासून पाठ असलेली असावी, असा माझा शिरस्ता आहे. आदल्या रात्री मोठ्या माणसांच्या तोंडी हमखास येते ती ‘तहान लागल्यावर विहीर खोदणे’. म्हण खरी आहे, पण त्या घटकेला तिचा उपयोग मूल रडवण्यापलीकडे काही नाही. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ऐकून मूल उठून पुन्हा पुस्तक उघडते आणि बारापर्यंत जागते. पोटोबाची म्हण मात्र थेट स्वयंपाकघराकडे वळवते. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. विठोबाला थोडा वेळ थांबवण्याची सोय आम्हा सोलापूरकरांना जवळीकीने घेता येते, आणि ती वाचून मूल हसते, हेही मला हवेच असते. जेवण मात्र रोजचेच हवे: ज्वारीची भाकरी, डाळ, वर शेंगाचटणी. परीक्षेचे कौतुक म्हणून बाहेरून काही मसालेदार मागवण्याचा बेत त्या रात्री कोणी करू नये, कारण बिघडलेले पोट घेऊन तीन तास बाकावर बसणे न झालेल्या अभ्यासाहून कठीण असते. सकाळी ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यांनी निदान केळे आणि दूध घ्यावे. निघताना हातावर पडणारे दही-साखर शकुनाचे आहे. ती न्याहारी नव्हे.

ही म्हण सर्वांना लागू पडत नाही, आणि तिथे वर्गशिक्षिकेला वेगळा फोन करावा लागतो. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी परीक्षेचे काही पेपर रमजानमध्ये आले. रोजा धरणाऱ्या मुलांना ‘खाऊनच निघा’ हे वाक्य गटावर वाचायला लावणे बरे नव्हे. त्या पेपरांच्या आदल्या संध्याकाळी मी ते वाक्य बदलले आणि त्या घरी बोलले: सहरीसाठी पहाटे उठायचे आहे तर निजायची वेळ दहाऐवजी नऊ करा, सहरीला पाणी पुरेसे प्या, आणि येताना उन्हातून चालू नका, रिक्षा करा. सोमवारी पेपर असला आणि घरात उपवासाचा आग्रह असला, तर तिथे आजीशी बोलावे लागते. आजी बहुधा ऐकतात, निदान साबुदाण्यावर तडजोड होते.

मराठीच्या पेपरनंतर हा निरोप दर वेळी नव्याने लिहावा लागत नाही. वेळ आणि पिशवी एवढेच बदलते. गणिताचे दोन्ही भाग 40 गुणांचे आणि दोन तासांचे, म्हणून तिथे गुणाला तीन मिनिटे मिळतात आणि एक वाजताचा नियम रद्द होतो, हे मात्र ठळकपणे लिहावे लागते, नाहीतर पाठ झालेली वेळ मुले तिथेही लावतात. भाग 2 च्या आदल्या संध्याकाळी पिशवीत कंपासपेटी जाते, आणि कंपासात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसतो की नाही हे एक वर्तुळ काढून पाहा, असे मी लिहिते. तुकडा सैल असला तर त्याला कागदाची बारीक पट्टी गुंडाळून तो पुन्हा बसवायचा. हे रात्री जेवणाआधी करायचे.