तारखा काढणारं मॉडेल, नोंद ४: रोज लाल होणारी टेस्ट

माझं छोटं मॉडेल मोकळ्या मजकुरातून तारीख काढून JSON देतं. एंडपॉइंटमागे टेंपरेचर 0.7 आहे, त्यामुळे तोच मजकूर पुन्हा पाठवला तर उत्तर बदलू शकतं. टेस्टमध्ये 20 नमुने होते. प्रत्येकाला एक कॉल, एक चूक झाली की सगळं लाल.

मॉडेल 95% वेळा बरोबर येतं असं धरलं, तरी वीसही बरोबर येण्याची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे जेमतेम 36%. मॉडेल ठणठणीत असतानाही तीनपैकी दोन रन लाल! टेंपरेचर 0 करून पाहिलं, पण मग जे चालवतो त्याचीच टेस्ट होत नाही. शिवाय सर्व्हरवर बॅच बदलली की दशांशांच्या बेरजेचा क्रम बदलतो आणि तिथेही क्वचित उत्तर हलतं.

आता टेस्टचे दोन भाग केलेत. JSON वाचता येतो का, `date` हे फील्ड आहे का, यात सवलत नाही; शंभरातला एक कॉल चुकला तरी लाल. तारीख बरोबर आहे का, हे मात्र मोजून ठरवतो. प्रत्येक नमुन्याला 5 कॉल:

```python
ok = sum(sahi(call(x), x) for x in namune for _ in range(5))
assert ok >= 90
```

90 ही रेघ का? खरा दर 95% असेल तर शंभरात 90 पेक्षा कमी येण्याची शक्यता सुमारे 1%. दर 85% वर घसरला तर टेस्ट दहापैकी नऊ वेळा पकडते. 90% वर आला तर मात्र निम्म्याहून जास्त वेळा हिरवीच राहते; तेवढी बारीक घसरण पकडायची तर कॉल वाढवावे लागतील. आणि लाल आलं की पुन्हा चालवून बघायची सवय मी मोडली. दर 85% असताना एका फेरीत 10% निसटतं, दोन संधी दिल्या की 19%.

या रविवारी पहिल्यांदा 93 आले. हिरवं. सहज नमुन्यांप्रमाणे आकडे पाहिले तर सातपैकी पाच चुका एकाच ओळीत: ‘परवा भेटलो होतो’. पाचही वेळा पुढची तारीख! खरा दर 95% असता तर सलग पाच चुका कोटीत तीनदा होतील, म्हणजे हा योगायोग नव्हे. ‘परवा’ मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळतं, आणि माझ्या ट्रेनिंग डेटात सगळे ‘परवा’ पुढचेच निघाले.

म्हणून आणखी एक अट घातली: कुठलाही नमुना पाचांत दोनपेक्षा कमी वेळा बरोबर आला, तर एकूण कितीही असो, लाल. ‘परवा’ अजून लालच आहे. भूतकाळी वाक्यं गोळा करतोय.