चार व्यवहार, चार यूटीआर: आत्याच्या पैशांचा माग

नाशिकला आत्याचा एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. 2024च्या ऑगस्टमध्ये तिने जाहिरात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा म्हणाला, मी लष्करात आहे, बदली होऊन येतोय, डिपॉझिट आत्ताच पाठवतो. आमच्या ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे आधी खातं तपासावं लागतं, तुम्ही पाच रुपये पाठवा, मी दहा परत करतो. दहा रुपये खरंच आले. मग "डिपॉझिट जमा करण्यासाठी" एकामागून एक क्यूआर कोड आले आणि खात्यातून 4,999, मग 20,000, मग पुन्हा 20,000 गेले. सव्वाअकरा ते साडेअकराच्या दरम्यान सगळं आटोपलं होतं. बँकेचे मेसेज वाचून शेजारच्या काकूंनी तिला थांबवलं आणि तिने मला फोन केला.

मी तिला आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाईन 1930 लावायला सांगितलं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरता येतो, पण पैसे अजून पुढे सरकत असतात तेव्हा फोन जास्त लवकर काम करतो. लाईन सुरुवातीला व्यस्त होती, ती रीडायल करत राहिली. फोन लागल्यावर बाईंनी भाषण न करता थेट विचारलं: बँक कुठली, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक. आत्याने अ‍ॅपमधला लांबलचक क्रमांक वाचायला घेतला, त्यात अक्षरंही होती. "हा अ‍ॅपचा आहे ताई, मला बारा आकडी द्या," बाई म्हणाल्या. बहुतेक लोक इथेच अडकत असावेत. पेमेंट अ‍ॅप स्वतःचा एक व्यवहार क्रमांक देतं, पण बँकेला त्याचा काही उपयोग नसतो. यूपीआय व्यवहाराचा दोन्ही बँकांना ओळखू येणारा क्रमांक बारा आकड्यांचा असतो. अ‍ॅपमध्ये तो कुठे UTR तर कुठे UPI transaction ID म्हणून दिसतो. बँकेच्या स्टेटमेंटमध्येही त्या ओळीच्या तपशिलात तोच असतो, म्हणून दोन्ही जुळवून बघता येतात.

फोन संपल्यावर पोचक्रमांकाचा एसएमएस आला. 24 तासांच्या आत cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करायची होती. मी संध्याकाळी नाशिकला पोचले आणि आम्ही तिच्याच मोबाईल नंबरने लॉगिन करून बसलो.

फॉर्म भरण्याआधी आम्ही स्क्रीनशॉट गोळा केले. आत्याने व्यवहारांच्या यादीचा एकच स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. त्यात फक्त नावं आणि रकमा होत्या, यूटीआर नव्हता, समोरच्याचा यूपीआय आयडी नव्हता. आम्ही प्रत्येक व्यवहार उघडून त्याचा पूर्ण तपशील दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घेतला. पाच रुपयांचाही घेतला आणि आलेल्या दहा रुपयांचाही. दहा रुपये हे नुकसान नाही, पण ते ज्या यूपीआय आयडीवरून आले तो पैसे घेणाऱ्या आयडींपेक्षा वेगळा निघाला. म्हणजे या माणसाच्या हाताखालचं आणखी एक खातं त्याने स्वतःच दाखवून दिलं होतं.

क्यूआर कोडच्या चित्रांनीही बरंच सांगितलं. साध्या स्कॅनरने वाचला की असा मजकूर दिसतो (आयडी इथे बदललाय):

```
upi://pay?pa=abcd@xyz&pn=Army Accounts&am=20000
```

pa हा पैसे कुणाला जाणार त्याचा आयडी आणि am रक्कम. pn मध्ये कोड बनवणारा हवं ते नाव टाकू शकतो. व्यवहाराच्या तपशिलात मात्र बँकेकडे नोंदलेलं नाव येतं, आणि ते एका साध्या माणसाचं होतं. खरा ठग तोच असेल असं नाही. कमिशन घेऊन स्वतःचं खातं वापरायला देणारे पुष्कळ असतात. चॅटमध्ये त्याचा नंबर वर दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट केलं आणि हे सगळं झाल्यावरच त्याला ब्लॉक केलं.

पोर्टलवर आर्थिक फसवणुकीचा विभाग निवडून चारही व्यवहार वेगवेगळे भरले. एकूण 45,004 रुपये असा एकच आकडा टाकला तर माग निघत नाही, कारण प्रत्येक यूटीआर वेगळ्या खात्याकडे जाऊ शकतो. आमच्या बाबतीत तसंच झालं होतं: पहिले तीन एका खात्यात, शेवटचे 20,000 दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. घटनेचं वर्णन किमान 200 अक्षरांचं लागतं आणि काही चिन्हं चालत नाहीत, म्हणून मजकूर साधा ठेवला: वेळ, काय सांगितलं, काय पाठवलं, किती गेले. आत्याला त्यात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता. तो तोंडी झाला.

पुढे काय होतं ते सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. 1930ची नोंद होताच ती पैसे घेणाऱ्या बँकेला दिसते. खात्यात रक्कम शिल्लक असेल तर बँक तेवढी होल्ड करते. पुढे गेली असेल तर कुठल्या बँकेत गेली ते नोंदवते आणि तक्रार त्या बँकेकडे सरकते. याला ते लेयर म्हणतात. एटीएममधून रोख निघाली की साखळी तिथे तुटते. आमच्या शेवटच्या व्यवहाराचे 20,000 पहिल्याच लेयरला जसेच्या तसे अडकले. पहिल्या खात्यातले 25,004 दुसऱ्या लेयरला गेले होते. तिथे 3,100 सापडले, बाकीचे रोखीने निघाले होते. म्हणजे 23,100 होल्डवर.

होल्ड म्हणजे पैसे परत आले असं नाही, हे आत्याला पटायला वेळ लागला. तक्रार नोंदली म्हणजे आपोआप एफआयआर होतो असंही नाही. पोलिसांनी जबाब घेतला, शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंट मागितल्या. मूळ फोन जपून ठेवा, फॉरमॅट करू नका, असं बजावलं. रक्कम सोडवण्यासाठी आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503खाली अर्ज केला. वकिलांनी अर्जात पोचक्रमांक, दोन्ही होल्ड खात्यांचे क्रमांक, बँका आणि खात्यागणिक रक्कम लिहिली. बँकेला नुसतं "अडकलेली रक्कम द्यावी" एवढं लिहिलेला आदेश पुरत नाही, कुठल्या खात्यातून किती ते हवं असतं. पोलिसांचा से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, आला, त्यांनी हरकत घेतली नाही. आत्याने बंधपत्र दिलं: उद्या दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला तर रक्कम परत करीन.

मधल्या काळात तिला आणखी एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झालेत, प्रोसेसिंगचे 1,500 भरा. तिने त्याला तक्रारीचा पोचक्रमांक विचारला. त्याला सांगता आला नाही. तो नंबरही तिने तपास अधिकाऱ्यांना कळवला.

आदेशाची प्रत पोलिसांनी दोन्ही बँकांना मेल केली. 20,000 आधी जमा झाले. 3,100साठी दुसऱ्या बँकेने आत्याचा खाते क्रमांक आणि रद्द केलेला चेक पुन्हा मागवला, मग तेही आले. उरलेल्या 21,904साठी एटीएमच्या चित्रीकरणाची मागणी बँकेकडे गेली आहे. पोर्टलवर तक्रारीची स्थिती अजून तपासाधीन आहे.