अनुभव ०, क्वेऱ्या ५१

माझी दुसरी इंटर्नशिप पुण्यातल्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत होती. ती संपत आली तेव्हा मी दोन जाहिराती बाजूला काढून ठेवल्या होत्या. दोन्हींवर ‘अनुभव ०–१ वर्ष’ असं होतं. पहिली ज्युनिअर बॅकएंड डेव्हलपरची. तिच्यात जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल आणि गिट मागितलं होतं, डॉकर येत असेल तर उत्तम. दुसरीत कुबरनेटिस, प्रॉडक्शन सपोर्ट आणि ऑन-कॉल ड्युटी. आपण कशात बसतो हे मला ठरवता येत नव्हतं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द माझ्या रेझ्युमेत कुठे ना कुठे होताच.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एक तिकीट आलं: ऑर्डर्सची यादी उघडायला फार वेळ लागतो. एका पानावर ५० ऑर्डर्स, प्रत्येकीखाली त्यातल्या वस्तू. कोड वाचून काही खटकत नव्हतं. म्हणून `spring.jpa.show-sql=true` करून पान उघडलं, तर लॉगमध्ये एकच `select` खाली खाली येतच राहिली. ऑर्डर्स आणायला एक क्वेरी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या वस्तू आणायला एकेक, अशा एकूण ५१. एकेक क्वेरी किरकोळच होती, पण डेटाबेस वेगळ्या मशीनवर होता आणि प्रत्येक वेळी तिथवर जाऊन यायचा वेळ लागत होता. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मोजक्याच नोंदी आणि डेटाबेस त्याच लॅपटॉपवर, तिथे असा प्रश्न उभाच राहत नाही.

यावर सगळीकडे सांगितलेला उपाय मला माहीत होता:

```
select distinct o from Order o
join fetch o.items
```

एकच क्वेरी, पान लगेच उघडलं. मी पुल रिक्वेस्ट टाकली. माझ्या मेंटर मॅम ती वाचून माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “इथे पेजिंग आहे ना गं? मग ५० ऑर्डर्सची मर्यादा नक्की कुठे लागतेय ते बघितलंस?”

“नाही मॅम. आत्ता बघते.”

लॉगमध्ये हायबरनेटची एक वॉर्निंग होती:

```
firstResult/maxResults specified with collection fetch; applying in memory
```

जोडणीनंतर एका ऑर्डरच्या अनेक ओळी होतात. त्यामुळे ‘पहिल्या ५० ओळी’ म्हणजे ५० ऑर्डर्स असं राहत नाही. म्हणून हायबरनेट एसक्यूएलमध्ये मर्यादा घालतच नाही. सगळ्या ऑर्डर्स मेमरीत आणतं आणि तिथे ५० मोजून घेतं. आमच्या टेस्ट डेटाबेसमध्ये ऑर्डर्स कमी, म्हणून वेग छान दिसत होता. खऱ्या डेटावर हेच पान आधीपेक्षा वाईट वागलं असतं, कदाचित सर्व्हरची मेमरीही संपली असती. मी `join fetch` काढलं आणि वस्तूंच्या यादीवर `@BatchSize(size = 50)` लावलं. आता दोन क्वेऱ्या: एक ऑर्डर्सची, आणि एक त्या पन्नासही ऑर्डर्सच्या वस्तू एकदम आणणारी. मग टेस्ट डेटाबेसमध्ये हजारो खोट्या ऑर्डर्स भरून पान पुन्हा तपासलं आणि दोन्ही लॉग पुल रिक्वेस्टमध्ये जोडले.

संध्याकाळी त्या जाहिराती पुन्हा उघडल्या आणि या वेळी वाचायची रीतच बदलली. प्रत्येक ओळीसमोर मी स्वतःला विचारलं: यातला एक प्रसंग सांगता येईल का, ज्यात काय बिघडलं, मी काय बदललं आणि ते चाललं हे कशावरून कळलं? स्प्रिंग बूट आणि एसक्यूएलसाठी आजचाच दिवस होता. गिटसाठी रिव्ह्यूनंतर बदललेल्या पुल रिक्वेस्ट होत्या. डॉकरसमोर प्रोजेक्टची एक `Dockerfile` होती, ती मी ट्युटोरियल बघून लिहिली होती. पण डॉकर ‘आलं तर उत्तम’ मधलं, तेवढ्यावर अडणार नव्हतं. दुसऱ्या जाहिरातीत मात्र मुख्य कामासमोरच सांगण्यासारखं काही नव्हतं. कुबरनेटिसचा मी कोर्स केला होता, पण मध्यरात्री बंद पडलेली सर्व्हिस उभी करणं मी जवळूनही पाहिलेलं नव्हतं. कोर्सला प्रसंग म्हणता येत नाही, असं माझं ठाम मत झालं.

पहिल्या जागेसाठी अर्ज भरला. ‘एकूण अनुभव’ या रकान्यात इंटर्नशिपचे महिने मिळवून १ वर्ष लिहायचा सल्ला मला मित्रांनी दिला होता. मी ० लिहिलं. त्या रकान्यात पूर्णवेळ नोकरी धरतात आणि पुढे पडताळणीत रिलिव्हिंग लेटर, पीएफची नोंद मागतात. माझ्याकडे इंटर्नशिपची सर्टिफिकेटं तेवढी होती. इंटर्नशिप वेगळ्या शीर्षकाखाली दिल्या आणि ‘स्प्रिंग बूटवर काम केले’ ही जुनी ओळ खोडून तिथे लिहिलं: ‘ऑर्डर्सच्या यादीतील क्वेऱ्या ५१ वरून २ वर आणल्या, पेजिंग डेटाबेसमध्येच ठेवून.’ त्या ओळीवर कुणी कितीही खोलात विचारलं तरी माझ्याकडे उत्तर होतं. दुसरी जाहिरात मी बंद केली.