पुढच्या वर्षाची तारीख आणि बंद पडलेली साइट

दिवाळी उलटून गेली होती. 20 नोव्हेंबर 2023, सोमवार. नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याचा सकाळीच फोन आला, “भाऊ, साइट बंद पडी गयी. आते काय करानं?” माझं दुकान धुळ्यात. दोंडाईचा मार्गे दुपारपर्यंत त्यांच्या पेढीवर पोहोचलो. बाहेर पथारीवर लाल मिरची पसरलेली, हंगाम ऐन भरात. परगावचे व्यापारी साइटवर भाव पाहून मेल करायचे, आणि ते मेलही बरेच दिवस आलेले नव्हते.

त्यांच्या पुतण्याने आधीच उपाय करून पाहिला होता. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, माहिती काढली तर मुदत 2024 ची दिसली. म्हणजे डोमेन ठीक आहे, बिघाड होस्टिंगचा, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायच्या जागेचा असणार, असं समजून त्याने होस्टिंगचे पैसे पुन्हा भरले. साइट काही उठली नाही. मी त्याला दोष देत नाही, ती तारीख भल्याभल्यांना फसवते. पडद्यावर हे होतं:

```
Registry Expiry Date: 2024-10-14
Domain Status: autoRenewPeriod
```

खरी मुदत 14 ऑक्टोबर 2023 लाच संपली होती. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही रजिस्ट्री ठेवते, आणि आपण पैसे भरतो ते रजिस्ट्रारकडे. मुदत संपली की रजिस्ट्री आपोआप नोंद एक वर्ष पुढे ढकलते आणि ते पैसे रजिस्ट्रारकडून घेते. गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत म्हणून रजिस्ट्रारने 45 दिवसांच्या आत नाव काढून टाकलं, तर ती रक्कम त्याला परत मिळते. त्यामुळे या दिवसांत रजिस्ट्रीची तारीख गिऱ्हाइकाची नसते. खूण खालच्या ओळीत आहे. तिथे `autoRenewPeriod` दिसलं की सवलतीचे दिवस चालू आहेत असं समजायचं. रजिस्ट्रारच्या स्वतःच्या नोंदीत मात्र जुनीच तारीख होती, आणि नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कुठे उघडायचं हे सांगणारे सर्व्हर, बदलून त्याच्या जाहिरातीच्या पानाकडे वळवलेले होते. होस्टिंग थकलं असतं तर नेमसर्व्हर जागेवर राहिले असते आणि खातं स्थगित केल्याचं पान दिसलं असतं.

बोटांवर दिवस मोजले. 37 वा दिवस. रजिस्ट्री 45 दिवस देते, पण त्यातले गिऱ्हाइकाला किती द्यायचे हे रजिस्ट्रार ठरवतो. याच्या नियमांत नेहमीच्या दरात नूतनीकरण 40 व्या दिवसापर्यंत होतं. म्हणजे हातात तीन दिवस. पुढे 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ लागतो. त्यात नाव परत मिळतं, पण नेहमीच्या कितीतरी पट दंड भरून. त्यानंतर पाच दिवस `pendingDelete`, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव कोणीही घेऊ शकतं. होस्टिंगला असा एकसारखा नियम नाही. खातं बंद केल्यावर फाइली किती दिवस ठेवायच्या, ते ती कंपनीच ठरवते.

पैसे भरायला तयार होतो, पण खातं उघडेना. पासवर्ड बदलायची लिंक खात्याच्या ईमेलवर जाणार, आणि तो ईमेल याच डोमेनचा `info@` होता. डोमेन बंद, म्हणून ईमेल बंद, म्हणून डोमेन उघडता येत नाही. स्मरणपत्रांचंही तेच झालं. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन संस्थेच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत अशी तीन पत्रं पाठवायची असतात. पहिली दोन त्या पेटीत आली असतील, पण जुने मुनीम गेल्यापासून ती कोणी उघडतच नव्हतं. तिसऱ्याच्या वेळी पेटीच उरली नसावी.

शेवटी काका उठले आणि गल्ल्यामागच्या फळीवरून मुनीमजींची जुनी चोपडी काढली. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता, घडीत लाल तिखट बसलेलं. पुतण्याने तो झटकला आणि आम्ही तिघंही शिंकत सुटलो. त्यावर पहिल्या डिझायनरच्या अक्षरात पासवर्ड होता. तो चालला. आधी खात्याचा ईमेल बदलून पुतण्याचा वेगळा पत्ता टाकला, मग नूतनीकरण केलं आणि नेमसर्व्हर परत होस्टिंगकडे वळवले.

माझ्या मोबाइलवर साइट तासाभरात दिसली. पेढीच्या वायफायवर मात्र तेच जाहिरातीचं पान. तिथल्या राउटरने जुनं उत्तर जपून ठेवलं होतं. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरचं उत्तर दोन दिवसांपर्यंत असं टिकू शकतं, तोवर पुन्हा काही बदलू नका असं मी बजावलं. मंगळवारी सकाळी पुतण्याचा फोन आला, दिसतेय म्हणाला.

मधल्या दिवसांत पाठवलेले मेल मात्र परत येणार नव्हते. आमच्या सर्व्हरपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. काका चोपडी उघडून बसले आणि अहमदाबादपासून एकेका व्यापाऱ्याला फोन लावू लागले.