आजींच्या ओव्या, रिबन माईक आणि माईकच्या बाजूला निघालेले ४६ व्होल्ट

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याकडच्या एका गावात रेकॉर्डिंगला गेलो होतो. काम छोटंच होतं. एका ओळखीच्या मुलाला त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या. आजी ऐंशीच्या पुढच्या, आवाज बारीक आणि थोडा नाकातून येणारा, आणि एकट्या गायच्याच नाहीत. "मला एकटीला आठवत न्हाई, धाकल्या जावंला बोलवा" म्हणाल्या. जात्यावर कसं दोघी समोरासमोर बसून एक ओळ ही म्हणते एक ती म्हणते, तसंच त्यांना पाहिजे होतं.

मी आधी एकदा फोनवर ट्रायल मागवली होती ती ऐकून ठरवलं होतं की कंडेन्सर माईक नको. या आवाजाला कंडेन्सर लावला की वरची धार इतकी टोचते की नंतर इक्यू करत बसायचं. आणि दोघींना दोन माईक लावले तर प्रत्येकीचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये जरा उशिरा पोचणार, मग मिक्समध्ये ते पोकळ वाटतं. म्हणून मित्राकडून रिबन माईक आणला, पॅसिव्ह, जुना. रिबन पुढून आणि मागून सारखंच ऐकतो आणि दोन्ही कुशींनी जवळजवळ बहिरा असतो. म्हणजे मधे माईक, या बाजूला आजी, त्या बाजूला जाऊबाई, आणि रस्त्याकडची खिडकी बरोबर माईकच्या कुशीला. एकाच माईकमध्ये काम.

फक्त रिबनची एक गोची आहे, तो फार हळू बोलतो. आत काय तर लोहचुंबकाच्या फटीत लोंबणारी ॲल्युमिनियमची एक पट्टी, जाडी दोनेक मायक्रॉन, आपला केस याच्या पंचवीस-तीस पट जाड असेल. ती हलली की इवलासा करंट तयार होतो, आतला ट्रान्सफॉर्मर तो जरा वाढवून बाहेर देतो, तरी साधारण एक मिलिव्होल्टच्या आसपास, आणि तेही कुणी माईकजवळ चांगलं मोठ्याने बोललं तर. आजी त्याच्या दहाव्या भागाने गाणार. माझा प्रवासातला दोन चॅनलचा इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणारा डबा, जुना आहे, नॉब पूर्ण फिरवला तर पन्नासेक डीबी गेन मिळतो आणि शेवटच्या टप्प्यात हिसही तेवढाच उसळतो. म्हणून मित्राने सोबत त्याचा इनलाइन प्रीअँपही दिला होता. आमच्यात सगळे त्याला नुसतं बूस्टर म्हणतात. बोटाएवढी नळी, एका टोकाला माईक, दुसऱ्या टोकाला केबल, आत दोन-चार एफईटी ट्रान्झिस्टर, आणि पंचवीसेक डीबी फिक्स वाढ. नॉब नाही, बॅटरी नाही, करंट तो फँटममधून घेतो, म्हणजे इंटरफेस माईकच्या केबलमधूनच जे ४८ व्होल्ट पाठवतो त्यातून.

आता इथेच नवीन माणूस गडबडतो. सगळीकडे वाचलेलं असतं की रिबनला फँटम लावायचा नाही, आणि हा बूस्टर तर फँटमशिवाय चालतच नाही. मग? तर साधा बूस्टर फँटम स्वतःच खाऊन टाकतो, माईककडे पुढे जाऊ देत नाही. म्हणून तर रिबनवाले तो वापरतात. पण "साधा" हा शब्द महत्त्वाचा आहे, ते पुढे येईलच.

घरी पोचलो, माईक पेटीतून काढला, त्याच्यावर जाड मोजा चढवलेला. मोजा म्हणजे खरंच पायातला, धुतलेला. माईक हातात घेऊन चाललं तरी समोरून जी हवा लागते ती त्या पट्टीला पुरते ताणायला, म्हणून जागेवर बसेपर्यंत मोजा काढायचा नाही. मी तो खाली ठेवायला ओट्याकडे वळलो तर तिथे सकाळीच काकांनी कानस घेऊन विळा घासलेला, बारीक लोखंडी कीस चमकत होता. त्या माईकमधलं चुंबक एवढं जबर असतं की तो कीस जाळीतून आत ओढला जाऊन पट्टीला चिकटतो, आणि मग तो काढणं म्हणजे माईक उघडणं. तसाच मागे फिरलो आणि आधी स्टँड लावला.

माईक उभा स्टँडवर बसवला, मोजा काढला आणि मागे वळून केबल सोडवत होतो तेवढ्यात आजींचा पणतू, वय वर्षं सात, माईकपाशी पोचला होता आणि गाल फुगवून तयार. गावात लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकर चालू आहे का बघायचा म्हणजे फू फू आणि हॅलो हॅलो, ते त्याने पाहिलेलं. मी ओरडलो "थांब रे!" आणि मधे हात घातला. माझ्या तळव्यावर जोरदार फू आली. घरातले सगळे हसले, मला मात्र घाम फुटला होता कारण माईक दुसऱ्याचा.

मग माझी नेहमीची खोड. बूस्टर केबलला लावला, माईक न लावता. इंटरफेसवर फँटम चालू केला आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बूस्टरच्या माईककडच्या टोकात काळी दांडी एक नंबरच्या, म्हणजे शील्डच्या भोकात, लाल दांडी दोन नंबरच्या. तिथे शून्य यायला पाहिजे, फार तर किरकोळ काहीतरी.

आले ४६.

तीन नंबरवर पण ४६. मी दोनदा बघितलं. मग नळी उजेडात फिरवून बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की हा बूस्टर कंडेन्सरसाठीचा आहे, तो वाढ पण करतो आणि फँटम पुढे पण पाठवतो. दिसायला सेम टु सेम, फरक फक्त त्या अक्षरात.

ही खोड मला का लागली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः सोल्डर केलेल्या केबलमध्ये तीन नंबरच्या वायरची एक बारीक तार शील्डला टेकलेली राहिली होती. फँटम दोन्ही वायरवर सारखा आला तर ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, म्हणून त्यातून करंट वाहतच नाही आणि रिबनला काही होत नाही. पण एक टोक शील्डला, म्हणजे जमिनीला टेकलेलं असलं की दुसऱ्या टोकाकडून थेट करंट, सहा-सात मिलिअँपिअर, ट्रान्सफॉर्मरमधून धावतो, आणि चालू होतानाचा तो झटका पलीकडे पट्टीला बसतो. माझी पट्टी ताणली गेली. माईक बंद नाही पडला, ते बरं झालं असतं. आवाज नुसता मंद आणि बसका झाला आणि मी दोन दिवस प्लेसमेंट बदलत बसलो. शेवटी उघडला तर पट्टी मधे झोळीसारखी लोंबत होती. तेव्हापासून माईक लावायच्या आधी मीटर. आणि मीटर फक्त केबलला आणि बूस्टरला, माईकच्या पिनांवर ओहम मोजायला जाऊ नका, मीटर स्वतःच त्यात करंट सोडतो.

तर आता बूस्टर नाही. माझा स्वतःचा पुण्याला दुसऱ्या बॅगेत. साताऱ्यात एक ओळखीचा साउंडवाला आहे त्याला फोन केला, "साधा आहे का, फँटम अडवणारा?" तो म्हणाला आहे, पोरगा गाडीवर पाठवतो पण दुपार होईल. आजी तर पहाटेपासून तयार होऊन बसलेल्या. मग म्हटलं तोवर बिनबूस्टरचं घेऊ. फँटम बंद, जरा थांबलो, मग बूस्टर काढून केबल सरळ माईकला. फँटम चालू असताना रिबन कधीच लावायचा-काढायचा नाही कारण तिन्ही पिना एकाच क्षणी टेकतील याचा भरवसा नसतो.

नॉब पूर्ण उजवीकडे. दोघी दीड-दीड फुटावर. याहून जवळ घेतलं तर रिबनमध्ये खालचा आवाज फुगतो, आजी एकदम भारदस्त पुरुषासारख्या वाटायला लागतात. पीक उणे ३४ डीबीच्या वर जाईना. पाच-सहा ओव्या घेतल्या, हेडफोनमध्ये सुंदर वाटत होत्या पण लेव्हल वर ओढली की मागे स्स्स असा पडदा, दोन ओव्यांच्या मधल्या श्वासात तर तोच ऐकू येई.

दीड वाजता पोरगा आला. मीटर लावला, माईककडच्या बाजूला शून्य. तोवर दोघींनी भाकरी खाऊन घेतली होती. बूस्टर थेट माईकला चिकटवला, केबलच्या माईककडच्या टोकाला. इंटरफेसपाशी लावला तरी चालतो, पण माईकपाशी असला की लांब केबलमधून वाढलेला सिग्नल जातो आणि मधे काही गुणगुण घुसली तरी ती तुलनेने बारीक राहते. मग फँटम चालू, नॉब घड्याळातल्या दोनच्या काट्याएवढा मागे. पीक उणे १७. त्याच बैठकीत, त्याच ओव्या.

रात्री लॅपटॉपवर सकाळची एक ओवी १७ डीबी वाढवून दुपारच्या शेजारी ठेवली. मधल्या शांत जागेतला हिस दुपारी पाचेक डीबीने कमी. ऐकायला अगदी स्पष्ट फरक. पण गंमत म्हणजे हिस खाली गेल्यावर त्याच्या मागे लपलेली एक घुंऽऽ बाहेर आली होती, स्वयंपाकघरातला फ्रिज. दुपारी दुसऱ्याच ओवीला ती हेडफोनमध्ये पकडली होती, म्हणून पुढच्या सगळ्या फ्रिज बंद करून घेतल्या. माझी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे निघताना चालू करायचं विसरणार नाही. हिस हा इंटरफेसमधल्या प्रीअँपचा होता म्हणून बूस्टरने कमी झाला, फ्रिज माईकच्या आधीचा, तो आजींच्या आवाजाबरोबर तितकाच वाढतो. नंतर स्टुडिओतल्या चांगल्या प्रीअँपवर हाच बूस्टर लावून पाहिला, तिथे फरक जेमतेम एक डीबी. तिथे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

आवरताना आधी फँटम बंद, मग मोजा, मग पेटी उभी ठेवून झाकण सावकाश लावलं. धाडकन लावलं की आतली हवा पट्टीवर आपटते. आडवी ठेवली तर पट्टी स्वतःच्या वजनाने हळूहळू लोंबते, म्हणून गाडीतही उभीच, दोन उशांच्या मधे.

मित्राला माईक परत करताना त्याच्या बूस्टरवर लाल टेप लावून वर "कंडेन्सर" लिहून दिलं. तो टेपकडे बघत बसला.

"अरे पण मी सहा महिने हाच लावतोय याला. काहीच झालं नाही की."

"तुझ्या केबली चांगल्या असतील."

"केबली कधी तपासल्यात मी?" असं म्हणून तो आतून सगळ्या केबलींचा गुंडाळा घेऊन आला, आणि आम्ही मीटर काढला. अकरातल्या दोन केबलींत एकेक वायर तुटलेली निघाली, शॉर्ट एकही नाही.